घरच्या प्लगवर विद्युत मोटार : वेळेचा व गळतीचा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्यात गावठाणापासून दूर, शेतातील वस्तीवर राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा घरी विद्युत मोटार आणली, तर ती एका रात्रीत भरेल काय? साधा भागाकार करून मिळणारे उत्तर बहुधा चुकते. असे का होते, ते एका उदाहरणाने पाहू.

२०२२ साली बाजारात आलेल्या टियागो या विद्युत मोटारीच्या मोठ्या बॅटरीची क्षमता २४ युनिट आहे. सायंकाळी घरी परतताना तिच्यात २० टक्के वीज शिल्लक आहे, असे धरू. म्हणजे १९.२ युनिट वीज भरावयाची आहे. प्लग १६ अँपिअरचा असला, तरी सोबतचा चार्जर सुरक्षिततेसाठी त्याहून कमी, समजा १३ अँपिअर, प्रवाह घेतो. २३० व्होल्ट दाबाला १३ ने गुणले असता सुमारे ३ किलोवॅट शक्ती मिळते. १९.२ ला ३ ने भागले की साडेसहा तासांच्या आत काम होईल, असे वाटते.

परंतु प्लगमधून घेतलेली सर्व वीज बॅटरीत पोचत नाही. घरची वीज प्रत्यावर्ती असते, तर बॅटरीला एकदिश वीज लागते. हे रूपांतर मोटारीतील चार्जर करतो आणि त्यात काही वीज उष्णतेच्या रूपाने जाते. शिवाय मोटारीतील नियंत्रक यंत्रणा चार्जिंगभर चालूच असते. ही गळती १५ टक्के धरल्यास बॅटरीत तासाला सुमारे २.५५ युनिटच जमा होतात. म्हणून वेळ साडेसात तासांचा होतो, आणि मीटरवर १९.२ ऐवजी सुमारे २२.६ युनिटांची नोंद होते. बॅटरी भरत आली की वेग मंदावतो, त्यामुळे थोडा वेळ आणखी लागतो.

वस्ती रोहित्रापासून लांब असेल, तर विजेचा दाब घटतो. तो १९० व्होल्टवर आला आणि प्रवाह तेवढाच राहिला, तर बॅटरीला सुमारे २.१ किलोवॅटच मिळतात व वेळ नऊ तासांवर जातो. दाब फारच उतरल्यास चार्जर स्वतःच थांबतो. प्रवाह कमी करून ६ अँपिअरवर चार्जिंग केल्यानेही बचत होत नाही. नियंत्रक यंत्रणेचा खर्च तासागणिक जवळजवळ तेवढाच राहतो आणि तास मात्र दुपटीहून अधिक वाढतात.

आपल्या घरची गळती किती, हे कोणालाही पडताळता येईल. चार्जिंगपूर्वी व नंतर मीटरची नोंद घ्यावी, त्या काळात घरात इतर वापर शक्य तितका कमी ठेवावा आणि आलेला आकडा बॅटरीत वाढलेल्या युनिटांशी ताडून पाहावा. फरक एकपंचमांशाहून बराच अधिक दिसल्यास वायरिंग तपासून घ्यावे. अर्ध्या तासाने प्लग हाताला चटका देण्याइतका तापत असेल, तर जोड सैल अथवा तार बारीक आहे, असे समजून चार्जिंग तत्काळ बंद करावे. या कामासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, त्याची वेगळी एमसीबी व चांगले अर्थिंग असणे आवश्यक आहे.