पाटी रंगवण्याआधी नावाला हाक मारून बघा

आज आपण नागपुरातल्या एका दुकानाच्या नावाबद्दल बोलणार आहोत. दुकान कुत्र्या-मांजरांच्या सलूनचं आहे. आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी हे काम शिकून आली आणि तिने मानेवाडा भागात एक गाळा भाड्याने घेतला. त्यासाठी आमच्या गटाने तिच्या आईला तीस हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं. म्हणजे त्या दुकानात आमचेही पैसे आहेत.

गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न आलाच, "कुत्र्याले सलून कायले पाहिजे वं?" मुलीने समजावलं. आपल्या अंगणातल्या मोतीला नको, पण शहरात घरात राहणारे लांब केसांचे कुत्रे असतात. ते विंचरले नाहीत तर केसांच्या गाठी होतात आणि खालची कातडी ओढली जाते. फरशीवर राहून नखं झिजत नाहीत, ती कापावी लागतात. कान पुसावे लागतात, गोचीड बघावी लागते. हे सगळं घरी करायला लोक घाबरतात, म्हणून पैसे देऊन करून घेतात.

आता नावाची गोष्ट. दुकान उघडायच्या घाईत मुलीने मोबाइलवर बघून एक इंग्रजी नाव निवडलं. इंग्रजीत प्राण्याच्या पायाला 'पॉ' म्हणतात. जगभरातल्या अशा सलूनवाल्यांना या 'पॉ'वर कोटी करायची भारी हौस. 'पॉझिटिव्ह' या शब्दाचं स्पेलिंग थोडं बदललं की त्यात 'पॉ' दिसतो आणि वाचणारा हसतो. मुलीला ते आवडलं. सात हजार रुपयांची पाटी आली, 'पॉझिटिव्ह पेट सलून'.

मैत्रिणींनो, ही पाटी देवनागरीत वाचून बघा. गंमत स्पेलिंगमध्ये होती, ती देवनागरीत उरलीच नाही. उरला तो कोरोनाच्या रिपोर्टमधला 'पॉझिटिव्ह'. त्यात नागपुरात निम्मा बाजार हिंदीत बोलतो आणि हिंदीत 'पेट' म्हणजे पोट. पहिल्याच आठवड्यात एक काका आत आले आणि विचारू लागले, "रिपोर्ट कधी मिळते?" दुसऱ्या एका बाईंना ते बायकांचं पार्लर वाटलं. पहिला महिना कुत्री कमी आणि चौकशाच जास्त आल्या. हप्ता मात्र तारखेला भरायचा होताच.

कोणी म्हणेल, मग देवनागरी ठेवूच नका. ते चालणार नाही. दुकानांच्या 2017 च्या कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी, मग दुकानात कामाला एकच माणूस का असेना. इतर भाषेत लिहायला हरकत नाही, पण मराठी नाव आधी हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. म्हणून नाव निवडतानाच ते देवनागरीत लिहून बघायचं. तिथे ते जिवंत राहिलं, तरच पुढे जायचं.

मग आम्ही गटातच बसलो आणि नावं काढली. काय सुचलं आणि काय का गळलं, ते सांगतो, कारण त्यातच शिकण्यासारखं आहे.

एकीने 'पंजा' सुचवलं. प्राण्याचा पंजा, शब्द मराठी आणि सोपा. पण आपल्याकडे पंजा म्हटलं की निवडणुकीचं चिन्ह आठवतं. पाटी बघून अर्धी गल्ली दुकानाचा पक्ष ठरवून टाकेल. दुसरीने 'टायगर' म्हटलं. नागपूरहून लोक वाघ बघायला जातात, म्हणून ते सफारीचं बुकिंग वाटेल. 'ऑरेंज सिटी' नावाची दुकानं तर शहरात इतकी आहेत की आपलं त्यात हरवून जाईल. 'श्वान' शुद्ध आहे, पण त्याने पोलिसांचं श्वान पथक आठवतं. 'डॉग वॉश' म्हटलं की गाडी धुण्याचं सेंटर डोळ्यासमोर येतं.

इथे मुलगी जे बोलली, ते आम्हाला पटलं. ती म्हणाली, "गिऱ्हाईक कुत्रा नाही, मालक आहे. तो दारात लेकरू सोडून जातो आणि त्याच्या पोटात भीती असते." भीती कसली? नख खोल कापलं तर रक्त येतं, कारण नखाच्या आत जिवंत भाग असतो. केस वाळवायचं यंत्र जास्त गरम झालं तर भाजतं. मशीन गाठीत अडकलं तर कातडी कापली जाते. म्हणून नावात कापणं, घाई, धुणं असले शब्द नकोत. आणि मालक आपल्या कुत्र्याला 'कुत्रा' म्हणत नाही, ब्रूनो म्हणतो, शेरू म्हणतो, नाहीतर 'आमचं बाळ' म्हणतो. नाव त्याच्या तोंडच्या मायेच्या भाषेतलं हवं.

हे ऐकल्यावर आमच्या एका आजींनी पटकन म्हटलं, "न्हाऊमाखू!" लेकराला न्हाऊमाखू घालतात, तसं. सगळ्याच हसलो. त्यात माया आहे, गंमत आहे आणि काम काय ते कळतं. तेव्हाच दुसरं एक नाव आलं, 'लाडोबा'.

दोन्ही आवडली, म्हणून परीक्षा घेतली. नागपुरातल्या पाच ओळखीच्यांना फोन केला. नाव एकदाच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, कालचं नाव काय होतं? त्यांतल्या दोघी हिंदी बोलणाऱ्या होत्या. 'न्हाऊमाखू' मराठी घरांत बरोबर आठवलं, पण एका हिंदी ताईंना 'माखी'सारखं काहीतरी आठवत होतं. सलूनच्या नावात माशी बसली तर कसं चालेल? 'लाडोबा' पाचही जणांनी बरोबर सांगितलं, कारण लाड हिंदीतही लाडच आहे.

मग इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगितलं, कारण लोक मोबाइलवर तसंच शोधतात. 'लाडोबा' सगळ्यांनी एकसारखं लिहिलं. 'न्हाऊमाखू' मात्र प्रत्येकाने वेगळं लिहिलं. नकाशात दुकान सापडलं नाही, तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं.

शेवटची परीक्षा हाकेची. मालक घरात कसं बोलेल, ते वाक्य म्हणून बघायचं. "ब्रूनोला लाडोबात सोडून येतो." हे जिभेवर सहज बसतं. "ब्रूनोला पॉझिटिव्ह पेट सलूनमध्ये सोडून येतो," असं कोण म्हणेल? पाटीवर नावाखाली साधी ओळ ठरली, 'कुत्र्या-मांजरांचं सलून'. नावाने माया सांगायची आणि खालच्या ओळीने काम सांगायचं. एकाच शब्दावर दोन्ही ओझी टाकू नयेत.

आजींचं 'न्हाऊमाखू' वाया गेलं नाही. ते दरपत्रकात आलं. आधी तिथे 'आंघोळ व ब्रशिंग, 600 रुपये' असं होतं. आता 'न्हाऊमाखू' लिहिलंय आणि त्याखाली बारीक अक्षरांत आंघोळ, वाळवणं, विंचरणं, कान पुसणं. रक्कम तीच आहे, पण पावती वाचताना माणूस हसतो आणि फोटो काढून घरच्यांना पाठवतो. एक पथ्य मात्र पाळलं. नखं, गाठी आणि गोचीड यांना गमतीचं नाव दिलं नाही. जिथे जनावराला दुखू शकतं, तिथे साधे शब्द बरे. आणि 'क्लिनिक', 'दवाखाना' हे शब्द कुठेच घेतले नाहीत. उपचार करणं हे नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाचं काम. अंगावर जखम किंवा चट्टे दिसले, तर मुलगी आंघोळ न घालता सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवते.

पैसे देताना आणखी एक नाव दिसतं, ते आम्हाला माहीतच नव्हतं. क्यूआर कोडवर मोबाइल धरला की खातेदाराचं नाव येतं. तिथे मुलीच्या वडिलांचं नाव यायचं आणि गिऱ्हाईक थांबून विचारायचं, "हे कोण?" पाटीवर एक आणि मोबाइलवर दुसरं, मग शंका येणारच. दुकानाच्या नावाने चालू खातं काढायचं, तर बँक त्या नावाचे कागद मागते. गुमास्त्याची पावती आणि उद्यम नोंदणी त्याला उपयोगी पडतात. म्हणून नाव आधी पक्कं करायचं, मग सगळ्या कागदांवर तेच एकसारखं लिहायचं.

आता एक मोठा गैरसमज. गुमास्ता काढला म्हणजे नाव आपलं झालं, असं पुष्कळजणींना वाटतं. तसं होत नाही. ती फक्त धंद्याची नोंद आहे. तेच नाव दुसऱ्याला मिळू शकतं. नावावर हक्क हवा तर ट्रेडमार्कची नोंदणी करावी लागते. त्यात धंद्यांचे 45 वर्ग आहेत आणि माणसांच्या व प्राण्यांच्या सौंदर्यसेवा 44 व्या वर्गात येतात. अर्जाआधी ipindia.gov.in वर शोधायचं, वर्ग 44 टाकून. फक्त अक्षरं जुळतात का ते बघून थांबू नका, उच्चार सारखा आहे का तेही बघा. तिथे उच्चारावरून शोधायची सोय आहे. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. नोंदणी झाली की ती दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. 'नागपूर डॉग सलून' अशी निव्वळ कामाचं वर्णन करणारी नावं सहसा नोंदली जात नाहीत, कारण ते शब्द सगळ्यांचेच आहेत.

आमचं काम सध्या इथेच आलं आहे. 'लाडोबा'चा शोध चालू आहे. त्या वर्गात ते कोणाचं निघालं, तर मन घट्ट करून सोडायचं, म्हणून दुसरं नाव तयार ठेवलंय. जुनी पाटी उतरवली आहे आणि नवी अजून रंगवलेली नाही. तोवर दारावर खडूने लिहिलंय, 'कुत्र्या-मांजरांचं सलून'. खडू पुसता येतो. सात हजार मात्र पुन्हा येत नाहीत, आणि ते गटाच्या कर्जातले होते. ताईचा हप्ता या महिन्यात वेळेवर आला, तेवढं सांगतो आणि थांबतो.