शालेय समुपदेशन : लेखांक 7
छळ सोसणाऱ्या मुलाची नोंद

साकोली तालुक्यातील एखाद्या तलावाकाठच्या गावाहून एसटीने शाळेस येणारा सातवीतील एक मुलगा आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. त्याचे घर मासेमारीवर चालते, आणि बसमध्ये वरच्या वर्गातील दोन मुले त्याला रोज सतावतात. समुपदेशिकेपाशी तो एवढेच बोलतो : ‘मागच्या सीटवर माह्यं दप्तर घेतेत अन् मासळ्या मासळ्या म्हणतेत.’ मग बऱ्याच वेळाने, मान खाली घालून, अलीकडे रात्री अंथरूण ओले होते, हेही तो सांगतो.

यांतले पहिले वाक्य त्याच दिवशी, मुलाच्या बोलीत, अवतरणचिन्हांत जसेच्या तसे उतरले पाहिजे. ते प्रमाण भाषेत ‘जातिवाचक हेटाळणी व मानसिक त्रास’ असे सुधारून लिहिले, की मूल काय म्हणाले आणि लिहिणाऱ्याने काय अनुमान काढले यांची सरमिसळ होते, आणि पुढे चौकशीचा प्रसंग आला तर मुलाचा जबाब म्हणून त्या मजकुराला फारसे मोल उरत नाही. दप्तराचा पट्टा तुटलेला दिसला, तर ‘पट्टा तुटलेला पाहिला’ असे आपल्या नावाने लिहावे. तो कोणी तोडला हे मुलाने सांगितले नसेल तर लिहू नये. लिहिण्यात चूक झाली तर मूळ अक्षरे वाचता येतील अशी एकच रेघ मारून बाजूस सही व तारीख घालावी, कारण खाडाखोड केलेल्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवीत नाही.

ही झाली समुपदेशिकेची स्वतःची वही, जी कुलपात राहते. अंथरुणाची गोष्ट या वहीतच राहावी, आणि आईला सांगायची झाल्यास मुलाला विचारून सांगावी. सतावणाऱ्या मुलांची नावेही या वहीत ‘क’ आणि ‘ख’ अशी असावीत व त्यांचा खुलासा वेगळ्या कागदावर ठेवावा. कारण पीडित मुलाच्या पालकांनी आपल्या मुलाची नोंद पाहावयास मागितली, तर ती दाखविताना दुसऱ्या दोन अल्पवयीन मुलांची अब्रू त्यांच्या हाती जाऊ नये.

मुख्याध्यापकांकडे व वर्गशिक्षकांकडे जाते ते टिपण निराळे, आणि ते लिहिताना एकच प्रश्न विचारावा : हा कागद ज्याच्या हाती जाणार, त्याला काय करावयाचे आहे? मुख्याध्यापकांना चौकशी करावयाची आहे, तेव्हा त्यांना सर्वांची नावे, दिवस आणि बसची वेळ हवी. वर्गशिक्षकांना मुलगा वर्गात पोचल्यावर त्याचे दप्तर जागेवर आहे की नाही हे पाहावयाचे आहे, म्हणून त्यांस एवढे पुरे : ‘सदर विद्यार्थ्यास बसप्रवासात त्रास होत आहे, सकाळी त्याच्याकडे लक्ष द्यावे, वर्गासमोर विचारणा करू नये.’ आगाराला पत्र द्यायचे झाले तर त्यात मुलाचे नावच नको. सकाळच्या फेरीत शाळेची लहान मुले पुढच्या आसनांवर बसवावीत, ही विनंती वाहकाच्या कामास पुरते.

परंतु नाव गाळले म्हणजे ओळख लपली, असे लहान गावी घडत नाही. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात ‘तलावाकडून येणारा सातवीतला एक मुलगा’ असे कोणी लिहिले, तर तो मुलगा कोण हे संध्याकाळपर्यंत गावात माहीत होते. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 ने वृत्तपत्रादी माध्यमांना मुलाच्या नावाबरोबरच पत्ता, शाळा व ओळख पटविणारा इतर कोणताही तपशील छापण्यास मनाई केली आहे, ती याच कारणाने. तो निर्बंध माध्यमांसाठी असला, तरी शाळेच्या दफ्तरात तीच कसोटी लावावी असे माझे आग्रहाचे मत आहे.

गुप्ततेची एक सीमा मात्र मुलाला पहिल्याच भेटीत, तो बोलू लागण्यापूर्वी, सांगून ठेवावी लागते. त्याच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर ‘पोक्सो’ अधिनियम, 2012 च्या कलम 19 अन्वये ती विशेष बाल पोलीस पथकास वा स्थानिक पोलिसांस कळविणे प्रत्येक इसमास बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे आपले कर्तव्य संपले, ही समजूत चुकीची असून कसूर केल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. अशा वेळी कोणास, केव्हा, कोणत्या शब्दांत कळविले, हेही वहीत लिहून ठेवावे.

टिपण पाठविण्यापूर्वी ते मुलाला वाचून दाखवावे. ‘मासळ्या’ हा शब्द सरांच्या कानी जाऊ नये असे त्याला वाटत असेल, तर वर्गशिक्षकांच्या टिपणात त्याची काही आवश्यकता नाही. मुख्याध्यापकांच्या टिपणात मात्र तो ठेवावा लागेल, कारण चौकशी त्याच शब्दाची व्हावयाची आहे, आणि हे कारण त्याला समजावून सांगावे. पुढे मुलगा दुसऱ्या शाळेत गेला, तर शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर ही वही वा तिची नक्कल पाठवू नये. तेथील समुपदेशकास काही कळविणे जरूर वाटल्यास पालकांच्या लेखी संमतीने तेवढेच निराळे पत्र लिहावे.