दोन मीटर, दोनशे चाळीस वॅट

भाच्याने गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘मामा, फसलो का रे?’ पुण्यात तपकीर गल्लीतून त्याने टाइप-सीची केबल आणली होती, २९९ रुपयांना. खोक्यावर तीन आकडे ठसठशीत छापलेले: २४० वॅट, ४० जीबीपीएस, २ मीटर. लॅपटॉप चार्ज करायचा आणि लग्नाचं शूटिंग एसएसडीवर भराभर उतरवायचं, अशी दोन्ही कामं एकाच केबलने निघणार, असा त्याचा हिशेब होता.

खोक्यावरचे आकडे एकमेकांना धरून आहेत का, हे मी आधी पाहतो. ४० जीबीपीएसचा वेग साध्या केबलमध्ये, म्हणजे जिच्या आत सिग्नलला जोर देणारी चिप नाही अशा केबलमध्ये, साधारण ८० सेंटिमीटरपर्यंतच टिकतो. त्यापुढे सिग्नल इतका मलूल होतो की समोरच्या उपकरणाला तो धड वाचता येत नाही. दोन मीटरला तोच वेग हवा तर केबलच्या आत इलेक्ट्रॉनिक्स भरावं लागतं, आणि अशी केबल हजारांत जाते, २९९ ला मिळत नाही. म्हणजे वेगाचा आकडा लांबीच्या आकड्याशी भांडत होता. २४० वॅटचं तसं नव्हतं. ४८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे २४०, आणि दोन मीटरची केबल तेवढी वीज खुशाल वाहू शकते. तो दावा खोक्यावरून ना खरा ठरत होता ना खोटा. (केबलवर ‘६ अँपिअर’ छापलेलं दिसलं, तर तो टाइप-सीच्या प्रमाणित आकड्यांतला नाही एवढं लक्षात ठेवा. तिथली मर्यादा पाचाची आहे. सहाचा आकडा एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या चार्जरपुरता असतो.)

दुसरा फोटो प्लगचा होता, वरून काढलेला. अशा फोटोत मोजपट्टी आपोआपच येते. टाइप-सीच्या धातूच्या तोंडाची रुंदी ठरलेली असते, ८.२५ मिलिमीटर. मग स्क्रीनवर पट्टी धरायची, धातूची रुंदी मोजायची, त्यामागच्या प्लॅस्टिकच्या मुठीची मोजायची आणि गुणोत्तर काढायचं. प्रमाणानुसार मूठ १२.३५ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी, म्हणजे धातूच्या साधारण दीडपट. भाच्याच्या फोटोत मूठ पावणेदोन पट भरली. याचा अर्थ केबल निकामी आहे असा नाही. पण शेजारी-शेजारी दोन पोर्ट असतील तर दुसऱ्यात काही बसणार नाही, आणि जाड कव्हर घातलेल्या फोनमध्ये प्लग अर्धवटच आत जाईल. शिवाय ज्याने साचा प्रमाणाकडे न पाहता बनवला, त्याने आतलं काम प्रमाणाने केलं असेल का, ही शंका येतेच. मात्र फोटो वरूनच हवा. समोरून जवळून काढला की पुढे आलेलं तोंड मोठं दिसतं, मागची मूठ लहान दिसते आणि हिशेब चुकतो.

तिसरा फोटो प्लगच्या तोंडात डोकावणारा, टॉर्च लावून काढलेला. तीन फोटोंत हाच सगळ्यात कामाचा. आत वर बारा आणि खाली बारा संपर्कांच्या जागा असतात. अति वेगाच्या केबलमध्ये यातल्या जवळजवळ सगळ्या भरलेल्या असतात, खालच्या ओळीत मध्ये दोनच रिकाम्या. नुसत्या चार्जिंगच्या किंवा जुन्या यूएसबी २ वेगाच्या केबलमध्ये वेगवान तारांच्या जागा बऱ्याचदा रिकाम्याच सोडतात. भाच्याच्या केबलमध्ये सोनेरी पट्ट्यांची ओळ दातकं पडल्यासारखी दिसत होती. जिथे धातूच नाही तिथून सिग्नल जाणार नाही. ४० जीबीपीएसचा दावा इथेच संपला.

उलटं मात्र चालत नाही. सगळ्या जागा भरलेल्या दिसल्या म्हणून प्रत्येक पट्टीला मागे तार जोडलेली आहेच असं नाही. कारखान्यात पूर्ण पिनांचे प्लग घेऊन आत पाचच तारा जोडता येतात. फोटो ‘नाही’ खात्रीने सांगतो, ‘हो’ कधीच सांगत नाही.

फोटोतून न दिसणाऱ्या गोष्टींत सर्वात महत्त्वाची म्हणजे ई-मार्कर. तीन अँपिअरच्या वर वीज न्यायची तर केबलच्या मुठीत ही चिमुकली चिप लागते. ‘मी पाच अँपिअर झेपवते’ असं ती चार्जरला सांगते. ती नसेल तर चार्जर तीनावर थांबतो, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. चिप प्लॅस्टिकमध्ये ओतलेली असते, ती कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. दुसरी गोष्ट तांब्याची जाडी. केबल बाहेरून बोटभर जाड असली तरी ती जाडी बहुतेक कापडी विणीची आणि आवरणाची असू शकते. आतलं तांबं कमी असलं की व्होल्ट वाटेतच गळतात आणि प्लग गरम होतो. प्रमाणानुसार पूर्ण भाराला जाताना-येताना मिळून पाऊण व्होल्टपेक्षा जास्त गळू नये. हे मीटरशिवाय कळत नाही.

आणि जोडणी. गूगलमधले अभियंते बेन्सन लेउंग २०१५पासून बाजारातल्या टाइप-सी केबली विकत घेऊन तपासत होते. २०१६च्या सुरुवातीला त्यांनी अशीच एक केबल लावली आणि त्यांचा लॅपटॉप बिघडला. आत वीज वाहणारी तार आणि ग्राउंडची तार एकमेकींच्या जागी जोडली होती. बाहेरून पाहून ते कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

भाच्याची केबल रविवारी घरी आली. लॅपटॉप आणि चार्जर यांच्यामध्ये यूएसबी मीटर लावला. चार्जर ६५ वॅटचा, म्हणजे २० व्होल्टला सव्वातीन अँपिअरचा. काटा तीनाच्या वर गेला नाही. ई-मार्कर नव्हता, तेव्हा २४० वॅटचाही निकाल लागला. मग एसएसडी जोडून २० जीबीचं शूटिंग उतरवलं. साडेनऊ मिनिटं लागली, म्हणजे सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास, यूएसबी २ चा नेहमीचा वेग. लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर कमांड देऊन पाहिली:

```
lsusb -t
```

एसएसडीच्या ओळीच्या शेवटी `480M` आलं. चांगली केबल असती तर `5000M` किंवा `10000M` दिसलं असतं. ही चाचणी करताना जोडलेलं उपकरण स्वतः वेगवान हवं, एवढं पाहा. आयफोन १५ यूएसबी २ वरच चालतो, त्याला कितीही भारी केबल लावा, आकडा तोच येणार. आयफोन १५ प्रो १० जीबीपीएस देऊ शकतो, पण त्याच्या खोक्यात येणारी केबल यूएसबी २ ची आहे.

आता ती केबल भाच्याच्या पलंगाजवळ फोनच्या चार्जिंगला असते, आणि तेवढं काम ती नीट करते. शूटिंगसाठी त्याने ८० सेंटिमीटरची दुसरी केबल घेतली आणि या वेळी दुकानातच लॅपटॉप उघडून, एसएसडी लावून पाहिल्यावरच पैसे दिले.