पंधरा एमबीची फाइल आणि तेहतिसावा बिट

चार चिन्हांना शून्य-एकाचे संकेत द्यायचे असतील, तर त्यासाठी लागणारं झाड १५ प्रकारे बांधता येतं. पाच चिन्हांसाठी १०५ प्रकार होतात. दहा चिन्हांपर्यंत गेलं की प्रकार ३,४४,५९,४२५ होतात, म्हणजे साडेतीन कोटींच्या आसपास. इंग्रजीच्या २६ अक्षरांसाठी हा आकडा ३२ अंकी होतो. सेकंदाला शंभर कोटी झाडं तपासणारं यंत्र आणलं, तरी २६ अक्षरांची सगळी झाडं तपासायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे १.३ लाख पट वेळ लागेल. आणि बाइटच्या २५६ शक्यता धरल्या, तर झाडांची संख्या ५८० अंकी.

हे आकडे येतात कुठून? प्रत्येक चिन्ह झाडाचं एक पान असतं. मुळापासून पानापर्यंत जाताना डावीकडे वळलं की ०, उजवीकडे वळलं की १, आणि ती वाट म्हणजे त्या चिन्हाचा संकेत. चिन्हं फक्त पानांवर असल्यामुळे कुठलाही संकेत दुसऱ्या संकेताची सुरुवात ठरत नाही, त्यामुळे मध्ये स्वल्पविराम न घालता सलग लिहिलेले बिट नेमके तोडता येतात. तीन पानांच्या झाडात पाच गाठी असतात आणि चौथं पान त्यांपैकी कुठल्याही गाठीच्या डोक्यावर जोडता येतं, म्हणून १ × ३ × ५ = १५. पुढे ७, ९, ११ असे गुणक चढत जातात. डावं-उजवं बदललं तरी लांबी तीच राहते, म्हणून ते वेगळं मोजलेलं नाही. आकडा थोडा फुगीर आहे हेही कबूल करायला हवं, कारण यातली पुष्कळ झाडं सारखीच बचत करतात. पण ५८० अंकांतले काही अंक गळले म्हणून फार दिलासा मिळत नाही.

या ढिगातून सर्वांत चांगलं झाड निवडण्याची रीत डेव्हिड हफमनला १९५१ मध्ये एमआयटीत विद्यार्थी असताना सापडली. रॉबर्ट फॅनोच्या वर्गात शेवटची परीक्षा द्यायची किंवा त्याऐवजी निबंध लिहायचा, अशी मुभा होती; हफमनने निबंध निवडला. फॅनो स्वतः झाड वरून खाली, गट पाडत बांधायचा आणि ते दर वेळी सर्वोत्तम निघत नसे. हफमनने उलटं, खालून बांधलं. १९५२ साली हा निबंध छापून आला.

रीत अशी. सगळ्यांत कमी वेळा येणारी दोन चिन्हं उचला, त्यांना एका नव्या गाठीखाली बांधा, त्या गाठीला दोघांची बेरीज द्या आणि ती पुन्हा रांगेत सोडा. एकच गाठ उरेपर्यंत हेच करायचं. हे बरोबर का ठरतं, ते समजायला जड नाही. उत्तम झाडाच्या सर्वांत खोल पातळीवर दोन भावंडं असतातच. तिथे एकटंच पान असतं, तर ते एक पायरी वर उचलून बिट वाचवता आले असते. त्या दोन जागी सर्वांत दुर्मिळ दोन चिन्हं नेऊन बसवली, तर एकूण बिट वाढूच शकत नाहीत. म्हणजे पहिली बांधणी डोळे झाकून करता येते, आणि तिच्यानंतर उरतो तो तोच प्रश्न, एका चिन्हाने लहान झालेला.

‘काका काकू’ एवढाच मजकूर घेऊ. यात क चार वेळा, काना तीन वेळा, मधली जागा एकदा आणि दीर्घ उकार एकदा, अशी नऊ चिन्हं आहेत. जागा आणि उकार बांधले की गाठ २ ची होते. ती कान्याच्या ३ शी बांधली की ५, आणि ती क च्या ४ शी बांधली की ९. क ला मिळतो `0`, कान्याला `10`, जागेला `110`, उकाराला `111`. एकूण ४ + ६ + ३ + ३ = १६ बिट, बरोबर दोन बाइट: `4B 27`. मूळ फाइल यूटीएफ-८ मध्ये २५ बाइटची असते, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं.

सीमध्ये लिहिलेले बहुतेक प्रोग्राम मात्र चिन्हं मोजत नाहीत, बाइट मोजतात. त्यांना या मजकुरात क दिसतच नाही. दिसतो तो आठ वेळा येणारा `E0`, सात वेळा येणारा `A4`, आणि मग `95`, `BE` वगैरे. त्या मोजणीवर बांधलेलं झाड ६१ बिट मागतं. पंचवीस बाइटचे आठ झाले, म्हणजे वाईट नाही, पण ६१ कुठे आणि १६ कुठे! मराठी मजकुरासाठी आधी युनिकोडची चिन्हं सुटी करावीत, असंच माझं मत आहे. मात्र उलगडणाऱ्याला झाडही कळवावं लागतं, आणि इतक्या लहान मजकुरात झाडाचा तक्ताच मजकुरापेक्षा मोठा भरतो.

‘सर्वांत लहान दोन उचला’ हे काम प्रायॉरिटी क्यूचं, आणि सीमध्ये ती म्हणजे एक साधा अॅरे. i क्रमांकाच्या घराचा पालक (i − 1) / 2 क्रमांकाच्या घरात, एवढ्या नियमावर हीप उभी राहते. बाइटची २५६ पानं आणि २५५ गाठी मिळून ५११ नोड होतात, म्हणून `malloc` च्या भानगडीत पडायची गरज नाही. हीपची खोली आठ. एका बांधणीत दोनदा काढणं आणि एकदा घालणं. सगळ्या मिळून सुमारे दहा हजार तुलना होतात आणि ५८० अंकी ढिगातलं सर्वोत्तम झाड हातात येतं. मिलिसेकंदही लागत नाही.

पुढचं काम बिट लिहिण्याचं. सीला एक बिट लिहिता येत नाही; `fputc` कमीत कमी एक बाइटच लिहितं. म्हणून बिट साठवायचे आणि आठ झाले की सोडायचे.

```c
static uint8_t buf;
static int n;

void put_bit(FILE *f, int bit) {
    buf = (buf << 1) | bit;
    if (++n == 8) {
        fputc(buf, f);
        buf = 0;
        n = 0;
    }
}
```

‘काका काकू’चे बिट नेमके सोळा भरले, हे नशीब. शेवटी आणखी एक क असता तर सतरा झाले असते, आणि तिसरा बाइट पुरा करायला सात शून्यं घालावी लागली असती. पण `0` हाच क चा संकेत आहे! उलगडणारा शेवटी सात भुताटकीचे क छापेल. उलगडलेली फाइल मुळापेक्षा काही अक्षरांनी लांब आणि शेपटीत एकच अक्षर पुन्हा पुन्हा, असं दिसलं की दोष हाच. हेडरमध्ये मूळ चिन्हांची संख्या लिहून ठेवली की भुतं जातात.

आता खोलीचा प्रश्न. एखादा संकेत किती लांब होऊ शकतो? २५६ पानांचं झाड एकाच बाजूला लोंबत गेलं तर २५५ बिट. तसं होण्यासाठी मोजण्या साधारणपणे १, १, २, ३, ५, ८ अशा फिबोनाचीच्या चढणीने जाव्या लागतात, म्हणजे दर वेळी बांधलेली गाठ पुन्हा लहान दोघांत येते. २५६ पायऱ्यांच्या या चढणीची बेरीज होते ३७ वर ५२ शून्यं. साधारण तेवढ्या बाइटची फाइल लागेल. पृथ्वीत अणू आहेत साधारण १ वर ५० शून्यं, म्हणजे एका अणूवर एक बाइट लिहिला तरी हजारो पृथ्व्या लागतील. हे वाचून प्रोग्रामर सुटकेचा निःश्वास टाकतो आणि संकेत ठेवायला `uint32_t` निवडतो. ३२ बिट म्हणजे पुष्कळ झाले, असं त्याला वाटतं.

तसं नाही. ३३ बिटांचा संकेत उगवायला ३४ चिन्हं पुरतात. त्यांच्या मोजण्या फिबोनाचीच्या ठेवल्या, तर बेरीज होते १,४९,३०,३५१. पंधरा एमबीला थोडी कमी! समान मोजण्यांतलं आधी कोण उचलायचं, हे कसंही ठरवलं तरी या फाइलचं झाड ३३ पायऱ्या खोल जातंच. गंमत म्हणजे फाइल दाबली जाते छान: एकूण ३,९०,८८,१३१ बिट, म्हणजे चिन्हामागे सरासरी २.६२. तेहतीस बिटांचे संकेत फक्त दोन चिन्हांना मिळतात, आणि ती दोन्ही सबंध फाइलमध्ये एकेकदाच येतात.

`uint32_t` मध्ये त्या संकेताचा सर्वांत वरचा बिट मावत नाही. तो लिहायला `(code >> 32) & 1` केलं, तर ३२ बिटांच्या आकड्याला ३२ ने सरकवण्याचं काय होईल याची सी भाषा काहीच हमी देत नाही. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांचा शिफ्ट हुकूम अशा वेळी अंतराचे खालचे पाच बिटच बघतो, म्हणून ३२ चं बऱ्याचदा शून्य होतं आणि वरच्या बिटाच्या जागी खालचा बिट छापला जातो. समजा संकेत ३२ एक आणि शेवटी शून्य असा होता. पहिला बिट आता १ ऐवजी ०, आणि `0` हा सर्वांत वारंवार येणाऱ्या चिन्हाचा संकेत. उरलेले ३१ एक आणि एक शून्य हा नेमका ३२ पायऱ्यांवरच्या चिन्हाचा संकेत. एका चिन्हाची दोन झाली, पुढचे बिट पुन्हा ताळ्यावर आले, आणि फाइल तिथून शेवटपर्यंत एक घर सरकली. प्रोग्राम कोसळत नाही, कंपायलरही बऱ्याचदा हूं की चूं करत नाही. चाळून पाहिलं तर फाइल ठीकच वाटते.

उपाय दोन आहेत. एक, संकेत `uint64_t` मध्ये ठेवा. ६५ बिटांचा संकेत जन्माला यायला फाइल किमान ४४,९४५,५७०,२१२,८५३ बाइटची, म्हणजे सुमारे ४५ लाख कोटी बाइटची लागते. आवृत्ती मोजणारे काउंटरही त्याच रुंदीचे हवेत. ३२ बिटांचा काउंटर ४२९ कोटींवर एखादं अक्षर गेलं की शून्यावर परततो. दुसरा उपाय म्हणजे खोलीलाच मर्यादा घालणं. झिप, जीझिप आणि पीएनजीमागच्या डिफ्लेट पद्धतीत संकेत १५ बिटांवर जाऊ देत नाहीत, जेपीईजीमध्ये १६ वर. तिथे ही मर्यादा शोभेची नाही, कारण १६ पायऱ्यांचं झाड अवघ्या २,५८४ चिन्हांतही उगवू शकतं.

तुम्ही असा प्रोग्राम लिहिला असेल, तर ३४ चिन्हांची ती पंधरा एमबीची फाइल बनवणारा दहा ओळींचा प्रोग्रामही लिहा. ती दाबा, उलगडा, आणि मूळ फाइलशी `cmp` ने ताडून बघा. दोन्ही फाइली सारख्या असतील तर `cmp` काहीच छापत नाही.