बेंझिनचा उष्णतेचा हिशेब

कार्बन आणि हायड्रोजन एकत्र आणून प्रयोगशाळेत थेट बेंझिन बनत नाही. मग ते बनताना लागणारी उष्णता कशी मोजायची? तिन्ही पदार्थ वेगवेगळे जाळून.

एक मोल ग्रॅफाइट जळताना ३९३.५ किलोज्यूल उष्णता देते. एक मोल हायड्रोजन, द्रव पाणी होताना, २८५.८. बेंझिनच्या एका मोलाइतके, म्हणजे सहा मोल कार्बन आणि तीन मोल हायड्रोजन सुटे जाळले, तर ३२१८.४ मिळतात. द्रव बेंझिन मात्र सुमारे ३२६७.६ देते. शेवटी उरतो तोच कार्बन डायऑक्साइड, तेच पाणी. म्हणजे जास्तीचे ४९.२ बेंझिनने बनतानाच घेतलेले असणार. हीच त्याची निर्मिती-एन्थाल्पी.

पण फार जपावे लागते. बेंझिनच्या मापनात एक टक्का चुकले, तरी ३३ किलोज्यूल इकडचे तिकडे होतात! उष्णतामापीत काजळी दिसली, तर ज्वलन अपुरे झाले. तो प्रयोग सोडून द्यावा.