ब्रिजमधले 50 मिलीअँपिअर

चौकोनाच्या डाव्या बाजूला वर 20 आणि खाली 10 ओहमचा रोध, उजव्या बाजूला वर 30 आणि खाली 5 ओहम. दोन्ही बाजूंचे मधले नोड जोडणारा 50 ओहमचा आडवा रोध, आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत 16 व्होल्टची बॅटरी. आडव्या रोधातून करंट किती, हा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातला प्रश्न. इथे कोणतेही दोन रोध एकसर नाहीत की समांतर नाहीत, त्यामुळे नेहमीची बेरीज सुरूच करता येत नाही.

एका बाकावरच्या दोघांनी ही अडचण दोन रीतींनी सोडवली. मुलाने स्टार-डेल्टा निवडले. वरचे दोन रोध आणि आडवा रोध मिळून 20, 30 आणि 50 ओहमचा त्रिकोण होतो. शेजारच्या दोन रोधांचा गुणाकार भागिले तिन्हींची बेरीज, या नियमाने त्या जागी 6, 10 आणि 15 ओहमचा स्टार आला. खालचे रोध मिळवल्यावर दोन्ही फांद्या 20 ओहमच्या झाल्या. समांतर 10, वरचे 6 धरून एकूण 16 ओहम. म्हणजे बॅटरीतून 1 अँपिअर आणि प्रत्येक फांदीतून अर्धा. डावा नोड 5 व्होल्टवर, उजवा अडीचवर. अडीच भागिले 50, उत्तर 50 मिलीअँपिअर.

मुलीने थेवेनिनची रीत घेतली. आडवा रोध काढून ठेवला, तेव्हा नोडांवर 5.3 आणि 2.3 व्होल्ट आले, फरक 3.0. मग बॅटरीच्या जागी सरळ तार धरली. तिच्यामुळे 20 व 10 समांतर होतात, 30 व 5 समांतर होतात, आणि या दोन जोड्या एकसर येतात: 6.7 अधिक 4.3, म्हणजे 11 ओहम. आडवा रोध परत जोडून 3.0 भागिले 61 केले, तर 49.2 मिलीअँपिअर.

फरक एका मिलीअँपिअरहूनही कमी होता. तरी तो सोडून देणे चुकीचे ठरले असते, कारण रोध ओहमचा नियम पाळणारे असतील तर अशा मंडलाला एकच उत्तर असते. पायऱ्या ताडून पाहिल्या तेव्हा रीत बरोबर निघाली. चूक मधल्या आकड्यांना लवकर गोळाबेरीज करण्यात होती. तिने अपूर्णांक तसेच ठेवले: व्होल्टेज 64/21, रोध 230/21. त्यात 50 ओहम मिळवले की 1280/21 होतात. भागाकारातले 21 उडतात आणि 64/1280, म्हणजे नेमके 50 मिलीअँपिअर उरतात.

एक शंका मात्र राहिली. त्याच्या वहीत नोडांमधला फरक अडीच व्होल्ट होता, तिच्या वहीत सुमारे 3.05. तिचा आकडा आडवा रोध काढलेला असतानाचा. रोध जोडताच 50 मिलीअँपिअर त्या 10.95 ओहममधून जातात, तिथे सुमारे 0.55 व्होल्ट पडतात, आणि मागे अडीचच उरतात.