हवामान नकाशाचा फोटो आला, तर आधी काय पाहावं? मासवणच्या नजरेतून समजून घ्या

समुद्रात वादळ तयार झालं, की पालघर-बोईसर पट्ट्यातल्या मोबाइलवर एक फोटो फिरू लागतो. वाकड्यातिकड्या रेषा, मध्ये ‘L’ किंवा ‘H’ अक्षर आणि कधी निळे त्रिकोण. हा नकाशा नेमका काय सांगतो? मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाच्या उदाहरणातून पाहू.

आधी वेळ पाहा

फोटो कापला गेला, की बहुतेकदा तारीख-वेळेचा कोपराच जातो. तसा फोटो वापरू नये. वेळ दिसत असेल तर ती बहुधा जागतिक वेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे 0300 UTC ही आपली सकाळची साडेआठची वेळ.

हा फरक मोठा ठरतो. १७ मे २०२१ रोजी सकाळी तौक्ते मुंबईच्या पश्चिम-नैर्ऋत्येला सुमारे दीडशे किलोमीटरवर होतं. त्याच रात्री ते दीवच्या पूर्वेला गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. सकाळचा नकाशा रात्री पाहणाऱ्याला वादळ अजून मुंबईसमोरच दिसलं असतं.

मग आपलं गाव शोधा

मासवण २० अंश उत्तर अक्षांशाच्या रेषेच्या किंचित खाली आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. नकाशा तिरका फोटो काढल्याने ताणला गेला असेल, तर पट्टीऐवजी जवळच्या दोन अक्षांश रेषांमधलं अंतरच माप म्हणून धरावं. या मापाने त्या सकाळी तौक्तेचं केंद्र मासवणच्या नैर्ऋत्येला दोनशे किलोमीटरच्या आत येतं.

रेषा काय सांगतात?

समान हवेचा दाब असलेली ठिकाणं जोडणाऱ्या या समदाब रेषा. दाब हेक्टोपास्कलमध्ये असतो. ‘L’ म्हणजे कमी दाबाचं केंद्र, ‘H’ म्हणजे जास्त दाबाचं. रेषा जितक्या दाट, तितका वारा जोरदार.

मात्र, दोन नकाशांची तुलना करताना रेषांवरचे आकडे वाचावेत. भारतीय नकाशात साधारणपणे दर २ हेक्टोपास्कलला रेषा असते, तर युरोपातल्या अनेक नकाशांत दर ४ ला. शिवाय विषुववृत्ताच्या जवळ, दाबातला फरक तितकाच असला तरी वारा अधिक जोरात वाहतो. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आपल्याकडे लंडनच्या निम्म्याहून कमी असतो. त्यामुळे आपल्या नकाशावर रेषा विरळ दिसल्या म्हणून निश्चिंत होता येत नाही.

वारा कुठून येणार?

उत्तर गोलार्धात वारा कमी दाबाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने आणि किंचित आत वळत फिरतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, तर कमी दाब साधारण डाव्या हाताला असतो.

हे मासवणला लावून पाहू. केंद्र नैर्ऋत्येला असताना वारा पूर्व-आग्नेयेकडून यायला हवा. केंद्र पश्चिमेला सरकलं, की दक्षिण-आग्नेयेकडून, आणि ते दीवकडे गेलं, की दक्षिणेकडून. म्हणजे दिवसभरात वारा पूर्वेकडून दक्षिणेकडे वळत जातो. वारा असा वळतोय म्हणजे वादळ आपल्या पश्चिमेने उत्तरेकडे चाललंय, हे नकाशाशिवायही ताडता येतं.

निळे त्रिकोण दिसले तर?

निळे त्रिकोण ही शीत आघाडी, लाल अर्धवर्तुळं ही उष्ण आघाडी. थंड आणि उबदार हवेच्या सीमेवर त्या काढतात आणि त्रिकोणांची टोकं जिकडे, तिकडे ती सीमा सरकते. कोकणात मे महिन्यात किंवा पावसाळ्यात हवेत असा तापमानाचा फरक नसतो. चक्रीवादळही आघाडीवर नव्हे, तर समुद्राच्या उबेवर वाढतं. म्हणून ‘कोकणावर वादळ’ असं लिहिलेल्या फोटोत त्रिकोणांची माळ दिसली, तर तो बहुधा युरोप-अमेरिकेचा नकाशा असतो. किनारपट्टीचा आकार आणि अक्षांश पाहून खात्री करावी.

नकाशात काय नसतं?

या नकाशात पावसाचा आकडा नसतो. पावसाळ्यात किनाऱ्यालगत समदाब रेषांना हलकासा बाक येतो. हा किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा. जवळ कुठेही ‘L’ नसताना तो कोकणात मुसळधार पाऊस देऊ शकतो.

मासवण सूर्या नदीकाठी आहे. इथलं पाणी गावातल्या पावसापेक्षा वरच्या डोंगरातल्या पावसावर आणि धामणी धरणातून होणाऱ्या विसर्गावर अधिक अवलंबून असतं. नकाशावरून वाऱ्याचा अंदाज येईल. नदीकाठी जायचं की नाही, हे मात्र हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा आणि विसर्गाची सूचना पाहूनच ठरवावं.